क्लॉक वाढवला म्हणून डेटा लवकर पोचत नाही

प्रश्न: सर, गुणाकार-बेरीज करणाऱ्या मॅक ब्लॉकचं टायमिंग ५०० मेगाहर्ट्झला फेल होतंय, स्लॅक उणे ०.१५ आहे. डेटा उशिरा पोचत असेल तर क्लॉक बनवणारा पीएलएल थोडा वाढवून चिप ५५०-६०० ला का नाही पळवायची? मागची चिप तर लॅबमध्ये ५५० ला चालली होती.

आधी सरळ उत्तर देतो, मग रिपोर्ट उघडू. जो पाथ ५०० ला फेल होतो, तो ६०० ला आणखी वाईट फेल होईल. क्लॉक डेटाला ढकलत नाही. ठरल्या क्षणी फ्लॉपला, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या सर्किटला, सांगायचं की इनपुटवर आत्ता जे काही आहे ते उचल, एवढंच त्याचं काम. डेटा त्या इनपुटवर कधी पोचणार हे मधली गेट्स आणि तारा ठरवतात, आणि त्यांना क्लॉक किती आहे याचा पत्ताही नसतो. नागपूर स्टेशनवरून गाडी सुटायची वेळ अलीकडे आणली म्हणून बर्डीवरून निघालेला ऑटो लवकर पोचत नाही. गाडी चुकते, बस.

फिजिकल डिझाइनवाल्यांना हे माहीत आहे, पण आज फर्मवेअर आणि व्हेरिफिकेशनची मंडळीही बसली आहेत, म्हणून जरा सावकाश जातो. कालचा रिपोर्ट मी छाटून ठेवलाय, तो बघा.

```
Startpoint: u_mac/a_reg[3]
Endpoint:   u_mac/acc_reg[39]
Path Type:  max

a_reg[3] clk-to-q        0.12
multiplier               1.02
adder                    0.80
data arrival time        1.94

clock period             2.00
clock uncertainty       -0.15
library setup time      -0.06
data required time       1.79

slack (VIOLATED)        -0.15
```

सगळे आकडे नॅनोसेकंदांत आहेत. ५०० मेगाहर्ट्झ म्हणजे क्लॉकच्या एका एजपासून, म्हणजे ठोक्यापासून, पुढच्या एजपर्यंत २ नॅनोसेकंद. पहिल्या एजला ए-रजिस्टर आपली किंमत बाहेर सोडतं, त्याला ०.१२ लागतात. मग गुणाकार, मग ४० बिटांच्या अ‍ॅक्युम्युलेटरमधली बेरीज. उत्तर शेवटच्या फ्लॉपच्या इनपुटवर १.९४ ला पोचतं. पण तिथे २ ला पोचून चालत नाही. फ्लॉपला एजच्या आधी ०.०६ डेटा स्थिर हवा असतो, तो सेटअप टाइम. शिवाय क्लॉकची एज दर वेळी नेमकी ठरल्या क्षणी येत नाही, थोडी पुढेमागे होते, म्हणून ०.१५ राखून ठेवलेत. उरले १.७९. आपण पोचतो १.९४ ला. हा ०.१५ चा तुटवडा म्हणजेच उणे स्लॅक.

आता याच रिपोर्टमध्ये ६०० मेगाहर्ट्झ टाका. पीरियड १.६७ होतो, सेटअप आणि राखीव वजा जाता १.४६ उरतात. डेटा अजूनही १.९४ लाच येतो, कारण वरच्या अर्ध्या भागात पीरियड कुठे आहेच नाही. स्लॅक उणे ०.१५ वरून उणे ०.४८ वर गेला. उलटीकडून बघा. या पाथला एकूण १.९४ अधिक ०.०६ अधिक ०.१५, म्हणजे २.१५ नॅनोसेकंद लागतात. म्हणून हा ब्लॉक जसा आहे तसा सुमारे ४६५ मेगाहर्ट्झचा आहे. पीएलएलमध्ये कोणताही आकडा लिहा, ब्लॉक ४६५ चाच राहतो.

मग १.९४ कशाने कमी होतात? गेट म्हणजे शेवटी एक ट्रान्झिस्टर, जो पुढच्या गेटची आणि मधल्या तारेची कपॅसिटन्स भरतो किंवा रिकामी करतो. ट्रान्झिस्टर किती करंट देतो आणि समोर किती भार आहे, यावर तो वेळ ठरतो. करंट व्होल्टेजवर, तापमानावर आणि फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, ती वेफर कशी निघाली यावर अवलंबून. भार सेलच्या आकारावर, फॅनआउटवर, तारेच्या लांबीवर. हे सगळे घटक आपल्या हातात कमीजास्त आहेत. फ्रिक्वेन्सी त्यांच्यात नाही.

आता लॅबमधल्या ५५० बद्दल, कारण प्रश्नातला खरा दम तिथे आहे. चिप डोळ्यांदेखत चालली असेल तर माणूस रिपोर्टवर विश्वास का ठेवेल?

पहिली गोष्ट, सेटअप फेल झालं म्हणजे चिप बंद पडत नाही. ती चुकीचं उत्तर देते, आणि तेही फक्त काही आकड्यांना. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये शून्य आहे आणि तुम्ही एक-दोन-तीन असे छोटे धन आकडे मिळवत गेलात, तर कॅरी, म्हणजे हातचा, दोन-चार बिटं चढून थांबतो. तो डेटा १.९४ च्या कितीतरी आधी पोचतो. आपला सगळ्यात लांब पाथ त्या वेळी वापरातच नसतो. आता अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये उणे एक आहे असं धरा, म्हणजे ४० च्या ४० बिटं एक. त्यात एक मिळवा. खालून निघालेल्या कॅरीचा परिणाम पार वरच्या बिटापर्यंत जायला हवा, सगळी बिटं शून्य व्हायला हवीत. एज थोडी आधी आली आणि फक्त वरचं बिट बदलायचं राहिलं, तर शून्याऐवजी तिथे उणे सुमारे ५५ हजार कोटी बसतात. दोनाचे घात मोजून बघा, २ चा ३९ वा घात तेवढाच येतो.

मागच्या चिपवर जो पॅटर्न चालवला होता तो शून्यापासून वर मोजणारा होता. चिप जागी झाली का, एवढंच बघायला तो लिहिला होता आणि त्या कामाला तो ठीकच होता. पण ज्या सिग्नलसाठी हा ब्लॉक आहे तो शून्याच्या वर-खाली सतत जातो, म्हणजे उणे एकवरून शून्यावर येणं तिथे रोजचंच. ५५० ला तुम्हाला दहा मिनिटं सगळं हिरवं दिसेल आणि मग एक नमुना आभाळाला भिडलेला येईल. डीबग करणारा आधी स्वतःच्या कोडवर शंका घेईल, मग मेमरीवर, मग कस्टमरच्या बोर्डवर. क्लॉकवर शंका सगळ्यात शेवटी येते.

यात आणखी एक त्रास. डेटा नेमका एजच्या आसपासच बदलत असेल तर फ्लॉप एक आणि शून्य यांच्या मधे थोडा वेळ लोंबकळू शकतो. त्याच वेळी त्याचं आउटपुट दोन ठिकाणी जात असेल, तर एक जण त्याला एक समजेल आणि दुसरा शून्य. अशी चूक पुन्हा घडवून दाखवणं महाकठीण.

दुसरी गोष्ट, लॅबमधली ती चिप कोण होती? फॅबमधून आलेली मधल्या वेगाची, एसीच्या खोलीत, नेमके ०.९ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर बसलेली. साइन-ऑफ, म्हणजे चिप फॅबला देण्याआधीची शेवटची तपासणी, आपण हळू वेफरवर करतो, ०.८१ व्होल्टवर, आणि तापमानाच्या दोन्ही टोकांना, उणे ४० आणि १२५. वेफर, व्होल्टेज आणि तापमान यांच्या अशा एकेका जुळणीला कॉर्नर म्हणतात. कालचा रिपोर्ट त्यातला आहे. टिपिकल कॉर्नरला हाच पाथ आरामात पास होईल, त्यात नवल काही नाही. पण कस्टमर आपल्याकडून निवडक चिपा घेत नाही, लॉटच्या लॉट घेतो.

तापमानावर इथे थोडं थांबतो, कारण नागपुरात सगळे एकच गृहीत धरतात: मे महिन्यात फेल होईल. बाहेर ४५, आपली चिप ज्या पत्र्याच्या पेटीत बसते तिच्यात साठ-पासष्ट, आणि सिलिकॉन त्याहून कितीतरी वर. तारांच्या बाबतीत हे खरं आहे. तांब्याचा रोध अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २५ वरून १०५ ला गेलात की सुमारे ३० टक्के जास्त. ट्रान्झिस्टरचं गणित मात्र वेगळं आहे. गरम झाल्यावर इलेक्ट्रॉनांची चाल मंदावते, पण ट्रान्झिस्टर ज्यावर चालू होतो ते थ्रेशोल्ड व्होल्टेजही खाली येतं. व्होल्टेज भरपूर असेल तर पहिला परिणाम जिंकतो आणि उष्णतेत चिप हळू होते. आपल्यासारखं व्होल्टेज कमी असेल तर दुसरा जिंकू शकतो, आणि तोच सेल थंडीत हळू होतो. म्हणून गेट्सनी भरलेला पाथ उणे ४० ला फेल होतो आणि लांब तारेचा पाथ १२५ ला, असं एकाच ब्लॉकमध्ये दिसतं. हीटगनने चिप तापवून बघितली, चालली, आता काळजी नाही, हे म्हणणं आपल्या नोडवर टिकत नाही. हीच पेटी लडाखलाही जाणार आहे.

आता फर्मवेअरकडून पुढचा प्रश्न येणार, तो मीच विचारून टाकतो. व्होल्टेज वाढवलं तर? घरी गेमिंगचा पीसी ओव्हरक्लॉक करणारे तेच करतात ना? हो, तेच करतात, आणि त्यानं गेट्स खरोखर वेगवान होतात. पॉवर मात्र व्होल्टेजच्या वर्गात वाढते आणि फ्रिक्वेन्सीच्या पटीत. ०.९ वरून १.० व्होल्ट आणि ५०० वरून ५५० मेगाहर्ट्झ केलं तर स्विचिंगची पॉवर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, बंद ट्रान्झिस्टरमधून गळणारं लीकेज त्यावर वेगळं. जास्त करंटमुळे चिपच्या आत पॉवरच्या जाळ्यात व्होल्टेज आणखी पडतं, म्हणजे वाढवलेल्यातलं थोडं तिथेच गळतं. आणि जास्त व्होल्टेजवर, जास्त तापमानात ट्रान्झिस्टर लवकर म्हातारे होतात. पीसीवाल्याकडे मोठा पंखा असतो आणि चिप दोन वर्षांत गेली तरी तो नवी घेतो. आपली पेटी खांबावर बंद झाकणात, पंख्याशिवाय बसते, रेग्युलेटर कस्टमरचा आणि ठरलेला. तो दरवाजा या प्रोजेक्टपुरता बंद आहे.

'मग उलट करू, क्लॉक कमी करू' असं कोणी म्हणालं, तर सेटअपच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. ४६५ च्या खाली हा पाथ चालेल, कस्टमरनं मान्य केलं तर आपण ४५० ची चिप विकू. पण टायमिंग फेल होण्याचा दुसरा प्रकारही आहे, आणि त्याला फ्रिक्वेन्सीशी काहीच देणंघेणं नाही. मला झोप न येण्याचं कारण तो आहे, सेटअप नाही.

त्याचं नाव होल्ड. एकाच एजला दोन गोष्टी होतात: पहिला फ्लॉप नवा डेटा सोडतो आणि दुसरा फ्लॉप आधीचा डेटा उचलतो. दुसऱ्याला एजनंतरही थोडा वेळ तो जुना डेटा जागेवर हवा असतो. नवा डेटा फार लवकर येऊन त्यावर आदळला, तर जुना हरवतो आणि एकाच एजला डेटा दोन फ्लॉप ओलांडून पुढे जातो. आपल्याच ब्लॉकमधली स्कॅन चेनची, म्हणजे टेस्टसाठी एकामागे एक जोडलेल्या फ्लॉपांच्या साखळीची, एक जोडी घ्या. फास्ट कॉर्नरला पहिला फ्लॉप ०.०८ मध्ये डेटा सोडतो, मधे एकच बफर, ०.०३. डेटा ०.११ ला पोचला. दुसऱ्या फ्लॉपला क्लॉक ०.१५ उशिरा मिळतो, कारण तो क्लॉक ट्रीच्या दुसऱ्या फांदीवर आहे, आणि त्याला होल्ड ०.०२ हवा. म्हणजे ०.१७ पर्यंत जुना डेटा टिकायला हवा होता. स्लॅक उणे ०.०६.

या हिशेबात पीरियड शोधा. नाही. ५०० ला फेल, ५ ला फेल, हातानं बटण दाबून एकेक एज दिली तरी फेल. सेटअप चुकलेली चिप हळू विकता येते, होल्ड चुकलेली चिप विकता येत नाही. नवा मास्क काढावा लागतो.

म्हणून लॅबमध्ये चिप फेल झाली की पहिला प्रयोग हा: फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही बदलत पास-फेलचा तक्ता काढा, म्हणजे श्मू प्लॉट. क्लॉक कमी केल्यावर किंवा व्होल्टेज वाढवल्यावर चूक गेली तर सेटअपवर बोट ठेवा. क्लॉक कितीही खाली आणला तरी चूक तशीच राहिली, तर आधी होल्ड तपासा, नाहीतर मग लॉजिकच चुकलंय. तक्ता काढायला अर्धा दिवस लागतो, पण त्यानंतर कोणत्या टीमनं बसायचं ते कळतं.

आता आपल्या १.९४ चं काय करायचं. गुणाकाराच्या १.०२ मध्ये मी आत शिरून बघितलं, तर त्यातले ०.२१ एकाच नेटवर जातायत. ए-रजिस्टर एसरॅमच्या डाव्या बाजूला पडलंय आणि गुणक उजव्या, तार मेमरीला वळसा घालून येते. रजिस्टर उजवीकडे आणलं आणि दोन बफर नीट बसवले की माझ्या अंदाजानं ०.१२ वाचतील. बेरजेतल्या कॅरीच्या मार्गावरचे मोजके सेल कमी थ्रेशोल्डचे केले की आणखी ०.०५. स्लॅक अधिक ०.०२, पाचशेला पास. सगळा ब्लॉक कमी थ्रेशोल्डचा करू नका. लीकेज तिथेच फुगतं, आणि त्याचा जाब मला द्यावा लागतो.

एक मोह आधीच सांगून ठेवतो. या पाथवर कोणीतरी ही ओळ लिहील:

```
set_multicycle_path 2 -setup -to [get_pins u_mac/acc_reg*/D]
```

रिपोर्ट लगेच हिरवा होतो. टूलला आपण सांगितलं की या डेटाला दोन सायकल मिळतात. पण आरटीएलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या मूळ कोडमध्ये, अ‍ॅक्युम्युलेटर दर सायकलला उचलतोय, म्हणजे सिलिकॉनमध्ये काहीही बदललेलं नाही, फक्त टूलनं बघणं सोडलंय. शिवाय जोडीला होल्डची ओळ दिली नाही, तर टूल होल्डची तपासणी पुढच्या एजवर सरकवतं आणि ती पाळायला बफरांची रांग लावतं. मल्टीसायकल लिहायचं असेल तर ज्यानं आरटीएल लिहिलं त्याची सही हवी आणि एनेबल सिग्नल कुठे आहे ते दाखवायला हवं.

मार्केटिंगला खरंच ६०० हवं असेल, तर ते काम पीएलएलचं नाही, आर्किटेक्चरचं आहे. गुणाकार आणि बेरीज यांच्या मधे एक रजिस्टर टाका. पहिला टप्पा: ०.१२, १.०२, ०.०६, ०.१५, एकूण १.३५. दुसरा: बेरजेचे ०.८० धरून १.१३. हळू टप्पा ठरवणार, म्हणजे साधारण ७४० मेगाहर्ट्झ. लक्षात आलं का, २.१५ चे दोन समान भाग झाले नाहीत? फ्लॉप, सेटअप आणि राखीव मिळून ०.३३ हे प्रत्येक टप्प्याला वेगळे भरावे लागतात. टप्पे वाढवत गेलात की कामाचा वेळ घटतो, हा ०.३३ तसाच राहतो. उत्तरही एक सायकल उशिरा येतं, ते फर्मवेअरला आणि व्हेरिफिकेशनच्या मॉडेलला सांभाळावं लागतं. इंटेलनं २००४ मध्ये पेंटियम ४ च्या प्रेस्कॉटमध्ये पाइपलाइन ३१ टप्प्यांपर्यंत नेली, आणि त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ उष्णतेच्या रेट्यात सोडून दिला. टप्पे वाढवायलाही हद्द असते.

आणि बेरजेचा तो टप्पा आणखी कापता येईल असं समजू नका. तिथे अ‍ॅक्युम्युलेटरची किंमत स्वतःकडेच परत येते. मधे रजिस्टर टाकलं तर पुढची बेरीज जुन्या किमतीवर होईल आणि उत्तरच बदलेल. तिथे वेग हवा असेल तर कॅरी-सेव्ह पद्धत घ्यायची: दर सायकलला बेरीज आणि कॅरी वेगवेगळ्या रजिस्टरांत ठेवायचे, म्हणजे वळणात एका फुल अ‍ॅडरइतकाच वेळ राहतो, आणि खरी ४० बिटांची बेरीज शेवटी एकदाच. रजिस्टरं दुप्पट लागतात आणि मधली किंमत सरळ वाचता येत नाही, हे फर्मवेअरनं आत्ताच ऐकून ठेवावं. आता पाचशेच हवेत, म्हणून मी ते करणार नाही.

प्लेसमेंट आज बदला, सेलची अदलाबदल उद्या. त्यानंतर होल्डचा रिपोर्ट फास्ट कॉर्नरला पुन्हा काढा, कारण जे सेल आपण वेगवान करतोय त्यातले काही छोट्या पाथवरही आहेत, आणि स्कॅन चेनचे उणे ०.०६ अजून तसेच आहेत. तिथे डीले बफर घाला. श्मूसाठी व्हेरिफिकेशननं उणे एकवरून शून्यावर जाणारा पॅटर्न लिहून द्यावा, मला तो टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन फॅबला पाठवण्याच्या, आधी गेट-लेव्हल सिम्युलेशनमध्येही चाललेला बघायचाय.